‘तणनाशक’ की ‘गवताचं औषध’?

जुलैचा पहिला पंधरवडा. सोयाबीन पेरून अठरा-वीस दिवस झाले आहेत, झड लागली आहे, वाफसा येत नाही, म्हणून औत घालता येत नाही. ओळींमध्ये केना, लव्हाळा आणि लांब पात्याचे गवत पिकाच्या बरोबरीने वर आले आहे. पहिल्या तीस ते पंचेचाळीस दिवसांत सोयाबीनला या तणांशी झुंजावे लागले, तर पुढे कितीही खत दिले तरी झालेले नुकसान भरून येत नाही. याच आठवड्यात वाशीमपासून कोल्हापूरपर्यंत आणि पलीकडे बेळगावच्या मराठी गावांत शेतकरी फोन हातात घेऊन यूट्यूबवर मार्ग शोधत असतात. त्यांच्यासाठी कुणीतरी आठ मिनिटांचा नीट, खरी माहिती देणारा व्हिडिओ तयार केला आहे. आता त्याला शीर्षक काय द्यायचे?

प्रश्न वरवर लहान दिसतो. पण त्या शीर्षकातल्या एका शब्दावरून एखादा शेतकरी व्हिडिओ उघडतो किंवा सोडून देतो, आणि एखादा तो उघडून चुकीचे रसायन पंपात ओततो. म्हणून लेखी मराठी घ्यावी की बोलीतले शब्द घ्यावेत, हा वाद येथे अभिरुचीचा राहत नाही.

शक्यता समोर ठेवू. लेखी मराठीचे शीर्षक असे होईल: ‘सोयाबीन पिकातील उगवणपश्चात एकात्मिक तण व्यवस्थापन’. कृषी खात्याच्या घडीपत्रिकेवर हे शोभते. बोलीतले शीर्षक सातारा-सांगलीकडे ‘सोयाबीनमधी गवत लय झालंय? ह्ये औषध मारा’ असे होईल आणि वऱ्हाडात ‘वावरात कचरा लय झाला? हे औषध मारा’ असे. दोन्ही बाजूंना भक्कम कारणे आहेत आणि ती नीट ऐकून घेतली पाहिजेत.

लेखी मराठीच्या बाजूचे पहिले कारण म्हणजे ती कुण्या एका जिल्ह्याची नाही. ‘तण’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात आहे, वर्तमानपत्रात आहे, रेडिओवर आहे. दुसरे कारण जास्त व्यवहाराचे आहे. ‘तणनाशक’ हा घडवलेला शब्द असला, तरी तो आता दुकानाचा शब्द झाला आहे. कृषी सेवा केंद्रात डब्यावर तोच छापलेला असतो, पावतीवर तोच असतो आणि गावोगावी तो ‘तननाशक’ या उच्चाराने सहज बोलला जातो. विदर्भात बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो, पण शोधताना बहुतेक जण इंग्रजी अक्षरांत टाइप करतात आणि soyabin tan nashak असे लिहिले की ण-नचा भेद आपोआप मिटतो. ज्या शब्दाने वस्तू विकत मिळते, त्याच शब्दाने ती शोधली जाते, ही साधी गोष्ट शीर्षक लिहिणाऱ्याने विसरून चालत नाही.

तिसरे कारण सुरक्षिततेचे आहे आणि माझ्या मते सगळ्यांत वजनदार तेच आहे. ‘औषध’ म्हणजे गावात काहीही असू शकते: अळीचे, बुरशीचे, वाढीचे किंवा तणाचे. ‘गवताचं औषध’ म्हटले तरी नेमके कोणते ते कळत नाही. ग्लायफोसेटही गवताचेच औषध, पण ते हिरवे दिसेल ते सगळे मारते, सोयाबीनसकट. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या वापरावर निर्बंध घातले, तरी त्याचे नाव शेतकऱ्यांच्या डोक्यात पक्के आहे. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस पट्ट्यात तर आणखी एक धोका असतो. उसातल्या रुंद पानांच्या तणांसाठी आणलेले टू-फोर-डी घरात पडलेले असते. सोयाबीन स्वतःच रुंद पानांचे पीक आहे. ते रसायन त्याच्यावर गेले, अगदी न धुतलेल्या पंपात उरलेले गेले, तरी पाने वाकडी होतात, शेंडे पिळवटतात. अशा ठिकाणी ‘ह्ये औषध मारा’ हे शीर्षक आपुलकीचे वाटले तरी जोखमीचे आहे, कारण व्हिडिओ पूर्ण न पाहता केवळ शीर्षक वाचून दुकानात जाणारेही असतात.

आता बोलीची बाजू. ‘उगवणपश्चात’ हा शब्द कोणत्याही शेतकऱ्याच्या तोंडी नाही. तो कळत नाही असेही नाही, थोडे थांबून वाचले की कळतो. पण फोनच्या पडद्यावर बोट वर सरकत असताना थांबायला वेळच नसतो. शिवाय यूट्यूब शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा देते, आणि फोनवर त्यातल्या जेमतेम दोन ओळी दिसतात, पुढचे तीन टिंबांत जाते. ‘व्यवस्थापन’सारखा शब्द त्यातली बरीच जागा खातो आणि माहिती काहीच देत नाही. ‘एकात्मिक’चेही तेच. वरच्या लेखी शीर्षकात पिकाचे वय नाही, रसायन सांगणार की औत सांगणार ते नाही, आणि शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न तर कुठेच नाही. लेखी मराठी अचूक असते असे आपण धरून चालतो. येथे ती अचूक नाही, नुसती औपचारिक आहे.

बोलीच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे, ती विश्वासाची. बोलीतले एक वाक्य ऐकले की समोरचा माणूस रानात उतरलेला आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. सरकारी भाषेच्या माहितीपत्रकांना गावाने कायम थोडे अंतरावर ठेवले आहे आणि त्याला अनुभवाची कारणे आहेत. ज्याने स्वतः चिखलात उभे राहून व्हिडिओ केला, त्याने शीर्षकात मात्र कार्यालयाची भाषा का घ्यावी?

पण नेमकी येथेच अडचण सुरू होते. ‘बोली’ असे एकवचनात आपण म्हणतो, ती एक नाही. मी आत्ताच ‘रानात उतरलेला’ असे लिहिले. पुणे-सातारा-सोलापूरकडच्या वाचकाला ते शेत दिसले असेल. कोकणातल्या आणि विदर्भातल्या वाचकाला जंगल. वऱ्हाडात आणि खानदेशात शेताला ‘वावर’ म्हणतात. हा फरक मोठा आहे, कारण ‘वावर’ हा शब्द ज्याला माहीत नाही, त्याला निदान आपल्याला तो माहीत नाही एवढे कळते. ‘रान’ मात्र सगळ्यांना माहीत असते आणि प्रत्येक जण आपापला अर्थ लावून पुढे जातो. ‘शेंगा’चेही तसेच. दक्षिण महाराष्ट्रात नुसते ‘शेंगा’ म्हटले की भुईमूग. सोयाबीनच्या व्हिडिओच्या शीर्षकात ‘शेंगा भरण्यासाठी’ असे लिहिले आणि पिकाचे नाव दिसेनासे झाले, तर भुईमूगवालाही उघडतो आणि अर्ध्या मिनिटात निघून जातो. अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा पण दुसऱ्या अर्थाचा शब्द शीर्षकात जास्त नुकसान करतो.

बोलीचे दुसरे ओझे इतिहासाचे आहे. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी या बोली रंगमंचावर आणि दूरचित्रवाणीवर बराच काळ हशा मिळवण्यासाठी वापरल्या गेल्या. नोकर, भोळा पाहुणा, गावचा टग्या बोलीत बोलणार आणि नायक-नायिका प्रमाण मराठीत. त्यामुळे अकोल्याच्या शेतकऱ्याला ‘लय कचरा झाला काय गा’ असे शीर्षक दिसले, तर हा आपला माणूस बोलतो आहे की आपली नक्कल करतो आहे, असा प्रश्न पडू शकतो. बोलणारा खरोखर त्या भागातला असेल तर पहिल्या वाक्यात शंका फिटते. तो पुण्याचा असून वऱ्हाडी शीर्षक घेत असेल, तर ती फिटत नाही आणि फिटूही नये.

लेखी मराठीकडे परत येऊ, कारण तिच्याबद्दलचा एक समजही तपासला पाहिजे: ती सगळीकडे एकच असते, हा. तणाच्या बाबतीत तरी तसे नाही. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. राहुरीच्या शिफारशीत ‘कोळपणी’ आणि ‘खुरपणी’ हे शब्द सापडतात. अकोल्याच्या शिफारशीत ‘डवरणी’ आणि ‘निंदण’ सापडतात. कोळपे आणि डवरा ही पिकाच्या ओळींमधून चालवायची औतेच. म्हणजे ज्याला आपण प्रमाण म्हणतो, त्यातही प्रदेश आहेच, आणि तो असणे योग्यच आहे. उलट ‘वाफसा’ बघा. जमीन धड चिखल नाही, धड कोरडी नाही, औत चालेल आणि ढेकूळ हातात फुटेल अशी झाली, की वाफसा आला. हा शेतकऱ्याचा शब्द आज विद्यापीठाच्या पुस्तकात जसाच्या तसा आहे, कारण ‘जमिनीतील योग्य ओलावा’ त्याच्या जवळपासही जात नाही. ‘बोंडअळी’, ‘घाटेअळी’ हेही तसेच वर गेलेले शब्द. आणि ‘तणनाशक’ उलट्या वाटेने, वरून खाली आलेला. तेव्हा लेखी आणि बोली असे दोन बंद कप्पे करून त्यांतला एक निवडायला सांगणे, हेच मला चुकीचे वाटते. निवड प्रत्येक शब्दागणिक करावी लागते.

ती कशी करावी, हे त्याच व्हिडिओवर करून पाहू. आत सांगितले आहे ते असे: पेरणीला पंधरा ते वीस दिवस झालेत, तणे दोन ते चार पानांवर आहेत, जमिनीत ओल आहे, अशा वेळी इमॅझेथापायर १० टक्के एसएल हे तणनाशक एकरी ४०० मिली, साधारण २०० लिटर पाण्यातून, फ्लॅट फॅन नोझलने फवारायचे. तण हातभर झाल्यावर ते काम करत नाही, हेही सांगितले आहे. यातले शीर्षकात काय यायलाच हवे? पीक, पिकाचे वय आणि वस्तूचे नाव. ‘सोयाबीन’ सगळीकडे सोयाबीनच आहे. वयाला ‘उगवणपश्चात’ म्हणण्यापेक्षा ‘२० दिवसांचं’ म्हटले तर शेतकरी पेरणीची तारीख आठवून लगेच ताडून पाहतो. आकडा कोणत्याच बोलीत बदलत नाही. वस्तूला मात्र ‘तणनाशक’च म्हणायचे. ‘औषध’ नाही, ‘गवताचं औषध’ही नाही, कारण ‘तणनाशक’ हा शब्द डब्यावर आणि दुकानात एकच आहे आणि चुकीची वस्तू हातात येण्याची शक्यता तो कमी करतो.

मग वाक्य. ते बोलल्यासारखे असावे. ‘सोयाबीन २० दिवसांचं, तण वाढलं: कोणतं तणनाशक, एकरी किती?’ मी असे लिहीन. यात ‘वाढलं’, ‘कोणतं’ ही रूपे अनुस्वाराची आहेत. लेखनाचे प्रचलित नियम पात्राच्या तोंडची भाषा उच्चाराप्रमाणे लिहू देतात, इतर ठिकाणी ‘वाढले’, ‘कोणते’ अशी एकारान्त रूपे सुचवतात. व्हिडिओचे शीर्षक हे बोलणाऱ्याच्या तोंडचेच वाक्य आहे, म्हणून अनुस्वार घेण्यात मला नियमभंग दिसत नाही. त्यावर कुणी म्हणेल की हा अनुस्वारही पुण्या-मुंबईच्या बोलण्यातला आहे, त्याला सर्वांची बोली का म्हणायचे? आक्षेप रास्त आहे. पण ही रूपे वर्षानुवर्षे रेडिओ, मालिका आणि पुस्तकांतल्या संवादांतून सगळीकडे पोहोचली आहेत आणि ती वाचताना कुणी अडखळत नाही. ‘मधी’, ‘ह्ये’, ‘गा’ यांचे तसे झालेले नाही. ‘लय’ मात्र आता जवळजवळ सगळीकडचा झाला आहे. तो घ्यायचा असेल तर मी अडवणार नाही, पण शंभर अक्षरांत त्याच्यापेक्षा ‘एकरी’ जास्त कामाचा आहे.

या शीर्षकाने काय गमावले, तेही सांगितले पाहिजे. त्यात कुठल्याच गावाचा वास नाही. साताऱ्याच्या माणसाला ते साताऱ्याचे वाटणार नाही आणि वाशीमच्या माणसाला वाशीमचे वाटणार नाही. ही किंमत मी जाणून देतो, कारण व्हिडिओ दोघांसाठी आहे. जो फक्त आपल्या तालुक्यासाठी व्हिडिओ करतो, त्याने ही किंमत देऊ नये. त्याने खुशाल ‘वावर’ लिहावे आणि ‘निंदण’ लिहावे, तेथे प्रमाण मराठीला काहीच काम नाही.

कलाकृतीचे गणित वेगळे असते, हेही लक्षात ठेवावे. नागराज मंजुळे यांनी आपल्या चित्रपटाला ‘फँड्री’ नाव दिले, तेव्हा कैकाडी भाषेतला डुकरासाठीचा तो शब्द बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना ठाऊक नव्हता. ते ठाऊक नसणे चित्रपटाच्या आशयाचाच भाग होते, आणि त्यासाठी प्रेक्षक दोन तास बसणार होता. ‘लागिरं झालं जी’ या मालिकेलाही रोज संध्याकाळी येऊन आपले शब्द ओळखीचे करून घ्यायला अवकाश होता. तण वाढलेल्या शेतकऱ्याकडे तेवढा वेळ नाही. म्हणून चित्रपटांच्या बोलीतल्या नावांचे यश पाहून माहितीच्या व्हिडिओनेही तसेच करावे, हा युक्तिवाद मला पटत नाही.

खरा पेच पुढच्याच व्हिडिओला येतो. समजा तणनाशकाबद्दल नव्हे, तर हाताने तण काढण्याबद्दल सांगायचे आहे: केव्हा काढावे, मुळासकट कसे काढावे, मजुरी कशी बसते. येथे डब्यावरचा शब्द मदतीला येत नाही, कारण डबाच नाही. कामाला विदर्भात निंदण, खानदेशात निंदणी, मराठवाड्यात आणि पुणे-नगरकडे खुरपणी, सातारा-सांगली-कोल्हापुरात आणि बेळगावकडे भांगलण. लेखी शब्द ‘आंतरमशागत’, पण त्यात औतकामही येते आणि तो बांधावर कुणी उच्चारत नाही. हे काम बहुतेक ठिकाणी बायका करतात, रोजाने करतात. ‘तणनाशक’ हा दुकानात जाणाऱ्या पुरुषाचा शब्द, तर निंदण, खुरपणी, भांगलण हे ओळीत वाकून बसणाऱ्या बाईचे शब्द. त्यांना बाजूला सारून शीर्षकात ‘तण व्यवस्थापन’ लिहिले, तर ज्या कामाबद्दल बोलायचे आहे ते काम आणि ते करणारी बाई दोन्ही शीर्षकातून जातात. माझ्या दृष्टीने हे भाषेच्या शुद्धतेपेक्षा फार मोठे नुकसान आहे.

येथे मी एकाच शब्दाचा हट्ट सोडतो. मराठीत जोडीने शब्द वापरायची सवय आहेच, म्हणून ‘सोयाबीनची खुरपणी-निंदणी: पहिली केव्हा, दुसरी केव्हा?’ असे लिहिता येते. ‘खुरपणी’ घेतला कारण तो आपला नसला तरी बहुतेकांना कळतो, खुरपे सगळीकडे आहे. ‘निंदणी’ घेतला कारण त्यात विदर्भाचा ‘निंदण’ही ओळखू येतो आणि सोयाबीनचा सगळ्यांत मोठा पट्टा विदर्भाचा आणि त्याला लागून मराठवाड्याचा आहे. ‘भांगलण’ शीर्षकात बसत नाही याचे मला वाईट वाटते, पण तीन शब्दांची माळ लावली तर शीर्षक यादीसारखे दिसू लागते आणि यादी कुणी वाचत नाही. त्या शब्दाला दुसरी जागा आहे. वर्णनाच्या पहिल्या ओळीत तो पूर्ण वाक्यात यावा, आणि चित्रावर मोठ्या अक्षरांत जे दोन-तीन शब्द घालतात तेथेही येऊ शकतो. चित्र नजरेसाठी असते, शीर्षक शोधण्यासाठीही असते. म्हणून शोधला जाणारा शब्द शीर्षकात ठेवून बोलीचा जिव्हाळा चित्रावर नेणे, ही तडजोड मला व्यवहार्य वाटते. टॅगमध्ये सगळे प्रतिशब्द कोंबण्याचा मात्र फारसा उपयोग नाही. यूट्यूबच स्वतः सांगते की व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो.

निवड चुकली की बरोबर आली, हे कळायला दोन मार्ग आहेत. पहिला व्हिडिओ टाकण्याआधीचा. शीर्षक वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या तीन-चार ओळखीच्यांना फोनवर वाचून दाखवावे, आणि ‘कळलं का?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘हो’ असेच येते. ‘यात काय सांगितलं असेल?’ असे विचारावे. कुणी म्हणाले ‘फवारणीचं’ आणि कुणी म्हणाले ‘डवऱ्याचं’, तर शब्द बदलायची वेळ झाली. दुसरा मार्ग नंतरचा. यूट्यूब स्टुडिओत लोक कोणते शब्द शोधून आले ते दिसते आणि पहिल्या तीस सेकंदांत किती जण टिकले तेही दिसते. ‘सोयाबीन गवत औषध’ असे शोधून पुष्कळ जण येत असतील आणि टिकत असतील, तर वर्णनात ‘गवत’ हा शब्द आणावा, शीर्षक तसेच ठेवावे. येऊन लगेच जात असतील, तर शीर्षकाने त्यांना भलतेच काही कबूल केलेले असते, आणि ते शोधून काढावे लागते. शीर्षक नंतरही बदलता येते, पण सोयाबीनच्या बाबतीत हा सगळा खेळ जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत संपतो, तण चार पानांच्या पुढे गेले की दुरुस्त शीर्षक त्या हंगामापुरते निरुपयोगी असते. म्हणून पहिल्या मार्गावर जास्त मेहनत घ्यावी.

आणि व्हिडिओतले पहिले वाक्य. तेथे अक्षरांची मर्यादा नाही, दुसऱ्या प्रदेशाचा अडसर नाही. बोलणाऱ्याने आपल्या स्वतःच्या बोलीत, न लाजता, सरळ म्हणावे: ‘तुमच्याकडं निंदण म्हणत असतील, खुरपणी म्हणत असतील, आमच्याकडं भांगलण म्हणतात, आपण त्याचंच बोलणार आहोत.’ पाच-सात सेकंद लागतात, आणि शीर्षकात ज्यांचा शब्द राहून गेला त्यांना तो येथे मिळतो.